बहुपदीच्या आलेखाची दोन टोकं कुठे जातात? कोटी आणि अग्र सहगुणकावरून ओळखायची रीत

अकरावीत किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलात की वर्गसमीकरणाच्या पॅराबोलापुढचे आलेख समोर येतात. त्रिघाती, चतुर्घाती, कधी सहाव्या घाताचेही. त्यांच्या मधल्या भागात चढउतार असतात आणि ते शोधायला वेळ लागतो. पण आलेखाची दोन टोकं, म्हणजे खूप डावीकडे आणि खूप उजवीकडे तो वर जातो की खाली, हे समीकरणाकडे नुसतं बघून सांगता येतं. पुस्तकात यालाच ‘एंड बिहेव्हिअर’ म्हणतात. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: बहुपदीची कोटी आणि अग्र सहगुणकाचं चिन्ह.

बहुतेक ठिकाणी चार खणांचा तक्ता देतात आणि पाठ करायला सांगतात. मला तो तक्ता कधीच पटला नाही, कारण परीक्षेच्या गडबडीत त्यातले खण हमखास एकमेकांत मिसळतात. खाली दिलेल्या रीतीत तक्ता नाही. आधी उजवं टोक ठरवायचं, मग त्यावरून डावं.

हाताशी काय हवं

- वही आणि पेन. आलेखकागद असला तर बरा, नसला तरी अडत नाही.
- मोबाइलवर किंवा संगणकावर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस. दोन्ही फुकट वापरता येतात.
- ताळा करायचा असेल तर एक्सेल किंवा गूगल शीट्स.
- ऋण संख्येचा सम घात धन येतो आणि विषम घात ऋण, एवढी नववीतली गोष्ट पक्की असावी.

## 1. समोर आहे ती बहुपदीच आहे ना, ते बघा

चलाचा घातांक प्रत्येक पदात 0, 1, 2, 3 असा पूर्ण संख्येतच असला पाहिजे. `√x` आलं, `1/x` आलं किंवा `2^x` सारखा चलच घातांकात जाऊन बसला, तर ही रीत तिथे लागू नाही. सहगुणक मात्र कसाही चालतो: `√2·x³ − 0.5x` ही बिनघोर बहुपदी आहे. आणि कोटी किमान 1 हवी. नुसती स्थिर संख्या असेल तर आलेख आडवी रेषा असते, तिला टोकं वर-खाली नसतातच.

## 2. कोटी आणि अग्र सहगुणक शोधा

सर्वांत मोठ्या घाताचं पद म्हणजे अग्रपद. त्याचा घातांक ही बहुपदीची कोटी, आणि त्याच्यापुढची संख्या चिन्हासकट म्हणजे अग्र सहगुणक. ऐकायला सोपं आहे, पण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली खोच म्हणजे लिहिण्याचा क्रम. `7 + 4x − 5x³ + x²` यात सुरुवातीला 7 दिसतो, म्हणून अग्र सहगुणक 7 होत नाही. तो −5 आहे. पेपर काढणारे मुद्दाम असा क्रम फिरवतात. घातांकाच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लिहून घेतलं की धोका टळतो.

दुसरी खोच पदं उडून जाण्याची. `(x² + 1)² − x⁴ + 3x` बघितल्यावर कोणीही कोटी 4 म्हणेल. पण कंस सोडवला की `x⁴ + 2x² + 1 − x⁴ + 3x` होतं, चौथा घात गायब होतो आणि `2x² + 3x + 1` उरतं. कोटी 2. बेरीज-वजाबाकी असेल तर सोडवल्याशिवाय कोटी जाहीर करू नका.

तिसरी खोच अवयवांच्या रूपाची. समजा असं दिलंय:

`g(x) = −2(x − 1)²(3 − x)(x + 4)³`

हे सगळं गुणत बसायची गरज नाही. प्रत्येक कंसातलं फक्त x चं पद उचला. पहिल्या कंसातून `x²`, दुसऱ्यातून `−x`, तिसऱ्यातून `x³`. गुणाकार: `−2 · x² · (−x) · x³ = 2x⁶`. कोटी 6, अग्र सहगुणक +2. सुरुवातीला −2 दिसतो म्हणून ऋण धरणाऱ्यांची इथे विकेट पडते, कारण `(3 − x)` मध्ये एक उणे चिन्ह दडलेलं आहे. तसंच `(2x − 1)³` असा कंस असेल तर त्यातून `x³` नाही, `8x³` येतं. टोकांसाठी 8 मुळे फरक पडत नाही, पण प्रश्नात अग्र सहगुणकच विचारला असेल तर गुण जातात.

## 3. उजवं टोक: फक्त चिन्ह बघा

उजवीकडे x धन आणि मोठा असतो. धन संख्येचा कोणताही घात धनच. त्यामुळे अग्रपद धन की ऋण, हे एकट्या सहगुणकाच्या चिन्हावर ठरतं. कोटी सम असो वा विषम, उजव्या टोकाला तिचं काही देणंघेणं नाही.

अग्र सहगुणक धन असेल तर उजवं टोक वर, ऋण असेल तर खाली. संपलं.

सहगुणक किती मोठा आहे याला इथे किंमत नाही. `0.001x³` चं उजवं टोकही वरच जातं, फक्त निवांत जातं.

## 4. डावं टोक: आता कोटी बघा

डावीकडे x ऋण असतो. कोटी सम असेल तर ऋण संख्येचा तो घात धन येतो, म्हणजे उजवीकडे जे झालं तेच डावीकडे: दोन्ही टोकं एकाच दिशेला. कोटी विषम असेल तर चिन्ह उलटतं: डावं टोक उजव्याच्या विरुद्ध.

वरच्या g(x) ला लावून बघा. अग्र सहगुणक +2, म्हणून उजवं टोक वर. कोटी 6, सम, म्हणून डावंही वर. मधे तो आलेख काय वाट्टेल ते करो.

चिन्हांत लिहायचं तर `x → ∞` म्हणजे उजवीकडे जाताना, आणि `x → −∞` म्हणजे डावीकडे जाताना. `f(x) → ∞` म्हणजे आलेख वर, `f(x) → −∞` म्हणजे खाली. एकाच ओळीत `−∞` दोनदा येऊ शकतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो: x च्या बाजूला ‘डावीकडे’, f(x) च्या बाजूला ‘खाली’. उत्तर लिहिताना आधी मराठीत ‘डावीकडे वर, उजवीकडे खाली’ असं समासात लिहून घ्या आणि मग चिन्हांत उतरवा.

## 5. एक उदाहरण शेवटपर्यंत, कारण स्क्रीन फसवते

`p(x) = −x³ + 30x² + 4x − 100`

रीतीनुसार: अग्र सहगुणक −1, म्हणून उजवं टोक खाली. कोटी 3, विषम, म्हणून डावं टोक वर.

आता हे जिओजेब्रात किंवा डेस्मॉसमध्ये टाका. सुरुवातीला x अक्ष साधारण −10 ते 10 एवढाच दिसतो. त्या चौकटीत आलेख दोन्हीकडे वर गेलेला दिसेल, अगदी पॅराबोलासारखा. x = −10 ला किंमत 3860 आणि x = 10 ला 1940. उजवीकडे खाली जायचं चिन्हही नाही. इथे बरेच जण रीतीवरचा विश्वास सोडतात आणि उत्तर खोडतात. रीत बरोबर आहे, चौकट लहान आहे.

उजवीकडे सरकत प्रत्येक पद वेगळं मांडून बघू:

| x | −x³ | 30x² | 4x − 100 | p(x) |
|---|---|---|---|---|
| 10 | −1000 | 3000 | −60 | 1940 |
| 20 | −8000 | 12,000 | −20 | 3980 |
| 30 | −27,000 | 27,000 | 20 | 20 |
| 40 | −64,000 | 48,000 | 60 | −15,940 |
| 100 | −10,00,000 | 3,00,000 | 300 | −6,99,700 |
| 1000 | −100 कोटी | 3 कोटी | 3900 | −96,99,96,100 |

x = 10 ला वर्गाचं पद घनाच्या तिप्पट आहे, म्हणून तोवर त्याचंच चालतं. x = 30 ला दोघं बरोबरीत येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्यानंतर मात्र घनाचं पद जे पुढे निघतं ते कायमचं. हजाराला शंभर कोटींसमोर तीन कोटी आहेत, आणि 4x − 100 तर हिशेबातही धरण्यासारखं नाही.

हे नेहमीच असं का होतं, ते अग्रपद बाहेर काढलं की दिसतं:

`p(x) = −x³ · (1 − 30/x − 4/x² + 100/x³)`

x जसा मोठा होतो तसे कंसातले छेद फुगतात आणि ते अपूर्णांक शून्याकडे जातात. x = 100 ला कंसाची किंमत 0.6997 येते, x = 1000 ला सुमारे 0.97, x = 10,000 ला सुमारे 0.997. कंस 1 जवळ गेला की उरतो फक्त −x³. डावीकडेही तेच: x = −100 ला p(x) = 12,99,500, म्हणजे वर. मोठ्या घाताचं पद जिंकणार हे ठरलेलंच असतं. किती लांब गेल्यावर जिंकेल, ते मधल्या सहगुणकांवर ठरतं. इथल्या 30 ने तो क्षण x = 30 पर्यंत लांबवला. 30 ऐवजी 3000 असता तर x = 3000 पर्यंत आलेख X-अक्षाच्या वरच दिसला असता.

## 6. चौकट किती मोठी ठेवायची, तेही मोजता येतं

अंदाजाने झूम करत बसू नका. फ्रेंच गणिती कोशी यांच्या नावाने एक मर्यादा प्रसिद्ध आहे. अग्रपद सोडून बाकीच्या प्रत्येक सहगुणकाला अग्र सहगुणकाने भागा, चिन्ह सोडून द्या, त्यातली सर्वांत मोठी संख्या घ्या आणि तिच्यात 1 मिळवा. शून्याच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरापलीकडे आलेख X-अक्षाला छेदत नाही. इतकंच काय, तिथे तो वळतही नाही. म्हणजे टोकाची जी दिशा तिथे दिसेल तीच पक्की.

आपल्या p(x) साठी संख्या येतात 30, 4 आणि 100. सर्वांत मोठी 100, म्हणून मर्यादा 101. ही मर्यादा सढळ हाताची आहे. प्रत्यक्षात शेवटचा छेद 30 च्या किंचित पुढे आणि शेवटचं वळण 20 च्या किंचित पुढे येतं. पण −101 ते 101 बघितलं तर काहीही निसटणार नाही याची हमी मिळते.

एक अडचण येते. दोन बोटांनी झूम आउट केलं की दोन्ही अक्ष एकाच प्रमाणात लहान होतात आणि आलेख उभ्या रेघांसारखा दिसायला लागतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अक्षांच्या किमान-कमाल किमती वेगवेगळ्या टाका. या उदाहरणात x साठी −20 ते 40 आणि y साठी −20000 ते 20000 ठेवून बघा. डावीकडून खाली येणारा आलेख, शून्याजवळ छोटा खळगा, 20 च्या आसपास 3980 उंचीचा टेकाड आणि मग उजवीकडे घसरण, असं सगळं एका दृष्टीत येतं.

## 7. स्प्रेडशीटमध्ये ताळा करताना

A रकान्यात x च्या किमती टाका आणि शेजारी हे सूत्र द्या:

```
=-(A2^3)+30*A2^2+4*A2-100
```

उणे चिन्हानंतरचा कंस मुद्दाम दिला आहे. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये सुरुवातीचं उणे चिन्ह घातांकाच्या आधी लागू होतं. म्हणजे `=-A2^4` लिहिलं आणि A2 मध्ये 10 असेल, तर उत्तर −10000 न येता 10000 येतं. वहीत मात्र `−x⁴` चा अर्थ आधी चौथा घात, मग उणे. घन असेल तर दोन्ही रीतींनी उत्तर सारखंच येतं, म्हणून ही गडबड लक्षात येत नाही. सम कोटी आणि अग्र सहगुणक −1 असला की मात्र दोन्ही टोकं उलटी दिसतात. आलेख रीतीच्या नेमका विरुद्ध आला तर पहिल्यांदा हा कंस तपासा.

## 8. टोकांवरून मधलं काय कळतं आणि काय नाही

कोटी विषम असेल तर एक टोक वर आणि एक खाली असतं. आलेख कुठेही तुटत नाही, त्यामुळे त्याला X-अक्ष किमान एकदा ओलांडावाच लागतो. म्हणून प्रत्येक त्रिघाती समीकरणाला निदान एक वास्तव मूळ असतंच.

सम कोटीला अशी हमी नाही. `x⁴ + 1` पूर्ण वेळ अक्षाच्या वरच राहतो. पण अग्र सहगुणक आणि स्थिर पद यांची चिन्हं विरुद्ध असतील, उदाहरणार्थ `x⁴ + 5x − 3`, तर दोन्ही टोकं वर आणि x = 0 ला आलेख −3 वर, म्हणजे अक्षाच्या खाली. मग दोन्ही बाजूंना एकेक छेद आलाच. बहुपर्यायी प्रश्नात यावरून निम्मे पर्याय एका झटक्यात गळतात.

वळणं किती, याची फक्त वरची मर्यादा मिळते: कोटी n असेल तर जास्तीत जास्त n − 1. `x³` ची कोटी 3 आहे, पण त्याला एकही वळण नाही. वळणं नेमकी कुठे आहेत हे काढायला विकलन लागतं, त्याला इलाज नाही.

या रीतीची दुसरी बाजू आकडेवारीत दिसते. एक्सेलमध्ये आलेखावर ट्रेंडलाइन काढताना बहुपदीचा पर्याय असतो आणि त्यात 2 ते 6 पर्यंत कोटी निवडता येते. हातातल्या बिंदूंवर ती रेघ छान बसते, पण पुढच्या महिन्यांचा अंदाज म्हणून ती लांबवली की तिचं टोक वर किंवा खाली सुटतंच. कोटी 1 किंवा जास्त असलेल्या बहुपदीचं टोक आडवं स्थिरावूच शकत नाही. मे 2020 मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोविडमृत्यूंच्या आलेखावर एक त्रिघाती वक्र दाखवला होता. तो त्याच महिन्याच्या मध्यापर्यंत शून्याजवळ पोचत होता. मृत्यू तसे थांबले नाहीत आणि त्या आलेखावर भरपूर टीका झाली. दुकानाची विक्री असो की धरणातला साठा, बहुपदी ट्रेंडलाइन दिसली की कोटी आणि अग्र सहगुणक वाचा. ती पुढे जी दिशा दाखवते आहे, ती या दोन गोष्टींनी आधीच ठरवून दिलेली असते.

## 9. हात बसण्यासाठी चार

आधी स्वतः करा, मग उत्तरं बघा.

1. `5 − 3x² + x⁵`
2. `−0.02x⁴ + 900x³`
3. `(1 − x)³(x + 2)`
4. `(x + 1)³ − x³`

पहिल्याचं डावं टोक खाली, उजवं वर. दुसऱ्याची दोन्ही खाली, पण स्क्रीनवर ते दिसायला x = 45,000 ओलांडावं लागेल, कारण तोवर 900x³ चंच राज्य असतं. तिसऱ्यात `(−x)³ · x = −x⁴`, म्हणून दोन्ही खाली. चौथ्यात घन उडून जातात आणि `3x² + 3x + 1` उरतं, म्हणून दोन्ही वर.